एक प्यादं कमी, तरी डाव बरोबरीत: हत्ती-प्यादं विरुद्ध हत्ती

परभणीत आमच्या घराच्या ओसरीत संध्याकाळी सहा-सात मुलं बुद्धिबळ शिकायला येतात. त्यांतली आठवीतली एक मुलगी मागच्या वर्षी लातूरला स्पर्धेला गेली होती. शेवटच्या फेरीत पटावर उरलं काय, तर समोरच्याचा राजा, हत्ती आणि एक प्यादं. हिचा राजा आणि हत्ती. घरी आल्यावर डोळे पुसत म्हणाली, "सर, मी नुसता हत्ती इकडून तिकडं फिरवायले होते, सगळं बरोबर चाललं होतं. त्यानं प्यादं पुढं टाकलं, मी लगेच शह दिला, अन् तिथूनच डाव सुटला हातातून."

तिची स्कोअरशीट पाहिली तेव्हा दिसलं की बारा-पंधरा चाली तिने अगदी अचूक केल्या होत्या. चुकली ती एकच चाल. ती चाल चूक का आणि तिच्या जागी केलेली दुसरी चाल बरोबर का, हे नीट कळलं की हा अख्खा एंडगेम कळतो. म्हणून हा लेख तेवढ्यापुरताच आहे. हत्तींच्या एंडगेमवर जाडजूड ग्रंथ आहेत, पण जिल्हा पातळीवर खेळणाऱ्याला सगळ्यात जास्त अर्धे गुण वाचवून देणारी स्थिती ही एकच.

तिला फिलिडोरची स्थिती म्हणतात. फ्रान्स्वा-आंद्रे दानिकां फिलिडोर (१७२६ ते १७९५) हा फ्रेंच संगीतकार होता आणि त्याच्या काळातला सर्वांत बलवान बुद्धिबळपटू मानला जायचा. १७७७ साली त्याने या बचावाचं विश्लेषण मांडलं. अडीचशे वर्षं होत आली, तरी ते विश्लेषण जसंच्या तसं उभं आहे.

आधी पट मांडा

नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही. खरा पट घ्या आणि मांडा. पांढरा राजा डी५ वर, पांढरं प्यादं ई५ वर, पांढरा हत्ती ए७ वर. काळा राजा ई८ वर, काळा हत्ती एच६ वर. चाल पांढऱ्याची. मोबाईलवर किंवा संगणकावर मांडायची असेल तर ही ओळ जशीच्या तशी टाका:

```
4k3/R7/7r/3KP3/8/8/8/8 w - - 0 1
```

आपण काळ्याच्या बाजूने बसलो आहोत असं धरू. ओळी मोजताना मी नेहमी पांढऱ्याकडून मोजणार आहे. म्हणजे सहावी ओळ ही काळ्याच्या बाजूने मोजली तर तिसरी. पुस्तकांत कुठे "तिसऱ्या ओळीचा बचाव" असं दिसलं तर तो हाच.

या स्थितीत तीन गोष्टी पाहून ठेवा. काळा राजा प्याद्याच्या वाटेवर, नेमका वजीर होण्याच्या घरात उभा आहे. प्यादं अजून पाचव्या ओळीत आहे, सहाव्यात पोचलेलं नाही. आणि काळ्याचा हत्ती सहाव्या ओळीवर आहे. पहिल्या दोन गोष्टी असतील तर तिसरी घडवून आणायची, हे आपलं काम.

पांढऱ्याला नक्की काय हवंय

बचाव शिकवताना बहुतेक जण सरळ "हत्ती सहाव्या ओळीवर ठेवा" एवढं सांगून मोकळे होतात. मुलं पाठही करतात. पण समोरच्याला काय हवंय ते कळल्याशिवाय नुसता नियम पटावर टिकत नाही. थोडी वेगळी स्थिती आली की गोंधळ होतो.

प्यादं एकट्याने पुढे जाऊ शकत नाही, कारण वाटेत काळा राजा बसला आहे. त्याला हाकलायला पांढऱ्याला स्वतःचा राजा प्याद्याच्या पुढे न्यावा लागतो. समजा पांढरा राजा ई६ वर पोचला आणि प्यादं अजून ई५ वरच आहे. आता ए७ वरचा हत्ती ए८ वर आला की थेट मात आहे, कारण काळ्या राजाची सातव्या ओळीतली तिन्ही घरं पांढऱ्या राजाने अडवलेली असतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ई६ वरच्या राजाला खालून, ई पट्टीतून, शह देता येत नाही. ई५ वरचं त्याचं स्वतःचं प्यादं मध्ये येतं. उन्हात शेतकऱ्याला झाडाचा आडोसा मिळावा, तसा त्या राजाला प्याद्याचा आडोसा मिळतो.

म्हणजे पांढऱ्याची सगळी धडपड एका गोष्टीसाठी आहे: राजा सहाव्या ओळीत, प्याद्याच्या पुढे, प्याद्याच्या आडोशाला न्यायचा. आपली सगळी धडपड त्याला हा आडोसा मिळू न देण्यासाठी.

पायरी पहिली: बांध राखायचा

काळ्याचा हत्ती एच६ वरून पूर्ण सहावी ओळ राखतो. डी६ आणि ई६ ही पांढऱ्या राजाला हवी असलेली घरं त्याच्या माऱ्यात आहेत, त्यामुळे राजा तिथे पाऊलच टाकू शकत नाही. मी मुलांना सांगतो की सहावी ओळ हा आपला बांध आहे. बांधाच्या पलीकडे तो काय वाटेल ते करू दे, बांध ओलांडू द्यायचा नाही.

मग आपण चाली काय करायच्या? हत्ती त्याच ओळीत इकडून तिकडे सरकवायचा. एच६ वरून ए६, ए६ वरून जी६, पुन्हा एच६. एवढंच. फक्त जिथे मारला जाईल अशा घरात ठेवायचा नाही. पांढरा राजा डी५ वर आणि प्यादं ई५ वर असताना ए६, बी६, जी६ आणि एच६ ही चार घरं राजा-प्याद्यापासून सुरक्षित आहेत. सी६, डी६ आणि ई६ राजाच्या माऱ्यात, आणि डी६ व एफ६ प्याद्याच्या माऱ्यात. राजा एफ५ वर गेला तर जी६ पण जातं. मग ए६, बी६ किंवा एच६. शिवाय पांढऱ्याचा हत्ती जिकडे मारा करत असेल ते घर आधी पाहून घ्यायचं. हत्ती ए७ वर असेल तर ए६ त्याच्या माऱ्यात आहे, बी७ वर असेल तर बी६. घाईत नेमकं हेच विसरलं जातं.

सुरुवातीला ही वाट पाहण्याची चाल मुलांना फार जड जाते. त्यांना वाटतं आपण काहीच करत नाही आहोत, समोरचा मात्र काहीतरी रचतो आहे. खरं म्हणजे पांढऱ्याकडेच करण्यासारखं काही नसतं. त्याने हत्ती ए८ वर आणून शह दिला, तर राजा ई७ वर जातो. तिथून प्यादं ई६ वर ढकललं, तर ते काळ्या राजाच्या आणि हत्तीच्या दुहेरी माऱ्यात येतं, राखायला एकटा पांढरा राजा. हत्तीने प्यादं मारलं की डाव संपला, कारण हत्तीला मागे काळा राजा राखतो आहे. त्याने ई७ वरच्या राजाला ए७ वरून पुन्हा शह दिला, तर आपण परत ई८ वर. तो राजा घेऊन इकडेतिकडे फिरला, तर फिरू दे. जोवर प्यादं ई५ वर आहे तोवर आपला हत्ती सहाव्या ओळीवरच.

पायरी दुसरी: प्यादं सहाव्यावर आलं की हत्ती सरळ खाली

बांध फुटत नाही म्हटल्यावर पांढऱ्याकडे एकच उपाय उरतो. प्यादं ई६ वर टाकायचं. ते ई६ वर आलं की डी५ वरचा राजा त्याला राखतो आणि आपल्या हत्तीची ओळ मधेच तुटते. एच६ वरचा हत्ती आता ई६ च्या पलीकडे पाहू शकत नाही. डी६ मोकळं झालं. पुढच्या चालीत राजा डी६ वर आणि मग हत्ती ए८ वर, मात. धमकी खरी आहे, आणि ती परतवणारी चाल आपल्याकडे आहे.

ती चाल: हत्ती एच१. सहाव्या ओळीवरून थेट पहिल्या ओळीवर, तळाला.

आता पांढरा राजा डी६ वर येतो. मातेची धमकी दिलेली आहे. पण आपण डी१ वरून शह देतो. राजा पळणार कुठे? ई५ वर गेला तर ई१ वरून शह. एफ६ वर गेला तर एफ१ वरून शह. जी७ वर गेला तर हत्ती पुन्हा ई१ वर, आणि आता प्याद्याजवळ राखायला राजाच नाही. त्याने ए८ वरून शह दिला तर आपला राजा ई७ वर येतो आणि पुढच्या चालीत प्यादं जातं. राजा सी६ वर पळाला तरी तेच: आपण हत्ती ई१ वर आणतो, प्यादं माऱ्यात येतं, राजाला ते राखायला डी६ किंवा डी५ वर परत यावंच लागतं, आणि तो आला की पुन्हा डी१ वरून शह.

इथे क्षणभर थांबून पटाकडे पाहा. मघाशी पांढऱ्या राजाला आडोसा हवा होता तो कुठला? ई६ वर उभं राहायचं आणि खाली ई५ वर प्यादं. आता त्याच ई६ घरात प्यादं स्वतः जाऊन बसलं आहे. राजाला लपायला जी जागा होती ती त्यानेच भरून टाकली. प्याद्याच्या डाव्या-उजव्या बाजूला, डी६ किंवा एफ६ वर, तो उभा राहू शकतो. पण डी आणि एफ या दोन्ही पट्ट्या तळापर्यंत मोकळ्या आहेत, आणि तळाला आपला हत्ती उभा आहे.

या एंडगेममधली बरोबरी इथून निघते. प्यादं मागे ठेवलं तर राजा पुढे येत नाही, कारण सहावी ओळ बंद आहे. प्यादं पुढे टाकलं तर सहावी ओळ उघडते, पण आडोसा जातो. पांढऱ्याला दोन्ही गोष्टी एकदम हव्या आहेत, आणि त्याला एका वेळी एकच मिळते. फिलिडोरने दाखवलं ते हेच.

हत्ती अगदी पहिल्या ओळीवरच का न्यायचा, असं मुलं विचारतात. दुसऱ्या ओळीवरही चालतं. अंतर मात्र हवं. शह देणारा हत्ती जवळ असला की राजा त्याच्याकडे चालत येतो आणि शह संपवतो. हत्ती तळाला असला तर राजाला तिथपर्यंत चार-पाच घरं उतरावी लागतात, आणि तेवढ्यात प्याद्याला वाली उरत नाही. एच१ ची सवय लावून घेतली की वेळ कमी असतानाही हात चुकत नाही.

लातूरची चाल

आता आमच्या मुलीची चूक. प्यादं ई६ वर आलं, आणि तिने हत्ती एच१ वर न नेता एच५ वर नेऊन राजाला शह दिला. चाल अगदी स्वाभाविक आहे. शह मिळतोय, देऊन टाकू. पुढच्या चालीत बघू. पण या शहाने पांढऱ्याचंच काम केलं. राजा डी६ वर जाणारच होता, तो शह चुकवत तिथे गेला. आता चाल काळ्याची आहे, ए८ वर मातेची धमकी उभी आहे, आणि हत्ती एच५ वर, म्हणजे बाजूला. तळाला नाही.

इथून डी५ वर शह दिला तर राजा हत्तीच मारतो. हत्ती एच१ वर नेला तर एक चाल उशीर झाला, लगेच ए८ वर मात. एच८ वर नेऊन राजाला राखू म्हटलं तरी ए८ वर मातच आहे, कारण हत्ती राजाच्या पलीकडे पडतो, मध्ये घालता येत नाही. म्हणून तिने राजा एफ८ वर नेला; तेवढी एकच चाल उरली होती. समोरच्याने ए८ वरून शह दिला, राजा जी७ वर गेला, आणि प्यादं ई७ वर आलं. आता ए८ वरचा हत्ती आठवी ओळ राखतो आहे आणि प्यादं वजीर व्हायला एका घरावर आहे. तिने एच६ वरून शह दिला, राजा डी५ वर उतरला. एच५ वरून शह, डी४. एच४ वरून शह, डी३. असा तो पायऱ्या उतरत खाली आला आणि शेवटी हत्तीजवळ पोचला. शह संपले, वजीर झाला.

मघाशी राजा खाली उतरला की प्यादं जात होतं आणि इथे गेलं नाही, हा फरक कशाने पडला ते पाहा. वरच्या बरोबरीत काळा राजा ई८ वर, प्याद्याच्या नाकासमोर उभा होता. इथे तो जी७ वर ढकलला गेला आणि वजीर होण्याचं घर पांढऱ्या हत्तीच्या ताब्यात गेलं. प्याद्याला आता राजाची गरजच उरली नाही.

म्हणून मी मुलांना प्रत्येक चालीआधी एकच प्रश्न मनात विचारायला लावतो: प्यादं हललं का? नाही, तर हत्ती सहाव्या ओळीवर. हो, तर हत्ती तळाला, आणि शह त्यानंतर. शहाचा मोह आधी झाला की समजायचं काहीतरी चुकतंय.

उशीर झाला तर: दुसरा बचाव

प्रत्यक्ष डावात नेहमीच हत्ती वेळेवर सहाव्या ओळीवर पोचत नाही. पांढरा राजा ई६ वर येऊन बसला आहे, प्यादं ई५ वर, हत्ती ए७ वर, आणि आपला राजा ई८ वर, हत्ती ई१ वर. चाल आपली. बांध तर फुटला. आपला हत्ती एच पट्टीत असता, तर एच६ वरून शह देऊन राजाला परत मागे ढकलता आलं असतं. ई१ वरून ते जमत नाही.

```
4k3/R7/4K3/4P3/8/8/8/4r3 b - - 0 1
```

ही स्थितीही बरोबरीचीच आहे, पण इथे वाट अरुंद आहे. दोन गोष्टी एकदम सांभाळायच्या: हत्ती प्याद्याच्या मागे ठेवायचा आणि राजा आखूड बाजूला न्यायचा.

आखूड बाजू म्हणजे काय ते आधी पाहू. ई पट्टीतलं प्यादं पटाला दोन भागांत वाटतं. उजवीकडे एफ, जी, एच अशा तीन पट्ट्या, डावीकडे ए, बी, सी, डी अशा चार. उजवी बाजू आखूड, डावी लांब. राजा आखूड बाजूला न्यायचा, म्हणजे लांब बाजू आपल्या हत्तीसाठी मोकळी राहते. बाजूने शह द्यायची वेळ आली तर हत्तीला पुरेसं अंतर मिळतं.

तर राजा एफ८. पांढरा ए८ वरून शह देतो, राजा जी७. आता प्यादं पुढे टाकायचं तर पांढऱ्या राजाने ई६ सोडलं पाहिजे, आणि त्याने ते सोडून डी६ गाठलं की आपण राजा एफ७ वर आणतो. प्यादं ई६ वर आलं, शह बसला, तरी आपला हत्ती ई१ वरून ते खातो, कारण राजा एफ७ वरून हत्तीला राखतो. ए७ वरून शह दिला तर राजा ई८ वर परत, आणि पांढरा राजा पुन्हा ई६ वर आला तर आपण पुन्हा एफ८. हा फेरा कितीही वेळा फिरतो.

पांढऱ्याची खरी युक्ती वेगळी आहे. जी७ वर राजा असताना तो हत्ती ई८ वर ठेवतो. आता हत्ती मागून प्यादं राखतो आणि राजा मोकळा होतो. अशा वेळी आपला हत्ती ई१ वर राहून उपयोग नाही. तो ए१ वर, लांब बाजूच्या टोकाला न्यायचा. राजा डी७ वर गेला तर ए७ वरून शह, डी६ वर गेला तर ए६ वरून शह. तीन घरांचं अंतर आहे, त्यामुळे राजा हत्तीपर्यंत सहज पोचत नाही. आणि तो लांब गेला की आपला राजा एफ७ वर येऊन ई८ वरच्या हत्तीलाच धरतो. पांढऱ्याने हत्ती डी८ वर घेतला, तर प्याद्यामागचा आधार गेला, आपण परत ई१ वर.

याच स्थितीत पहिल्याच चालीला राजा चुकून डी८ वर, लांब बाजूला गेला तर डाव हरतो. ए८ वर शह, राजा सी७, पांढरा हत्ती ई८. आता बाजूने शह द्यायला आपल्याकडे आखूड बाजू उरली. हत्ती एच१, पांढरा राजा एफ७. एच७ वरून शह, आणि राजा जी६ वर येऊन थेट हत्तीलाच भिडतो. अंतर कमी पडलं. हत्तीला तिथून हलावं लागतं, आणि प्यादं ई६ वर जातं.

नवशिक्यांना मी हा दुसरा बचाव पहिला पक्का झाल्यावरच शिकवतो. दोन्ही एकदम शिकवले की मुलं "हत्ती प्याद्याच्या मागे" हा नियम पहिल्या स्थितीत लावतात आणि कारण नसताना बांध सोडून देतात. बांध राखता येत असेल तर तोच राखायचा.

जिथे बरोबरी होत नाही

हे वाचून हत्ती-प्यादं विरुद्ध हत्ती म्हणजे नेहमीच बरोबरी असं धरून बसू नका. सगळं आपल्या राजाच्या जागेवर ठरतं. तो प्याद्याच्या वाटेवर किंवा अगदी लगत असला पाहिजे. पांढऱ्याच्या हत्तीने त्याला दोन-तीन पट्ट्या दूर अडवून ठेवलं असेल, म्हणजे प्यादं ई पट्टीत आणि आपला राजा जी पट्टीपलीकडे कोंडलेला असेल, तर पांढरा राजा निवांत प्याद्याच्या पुढे जातो, प्यादं सातव्या ओळीत येतं आणि त्याला फक्त राजा बाहेर काढायचा उरतो. मग तो आपला हत्ती चौथ्या ओळीवर आणतो आणि राजा बाहेर आल्यावर आपल्या शहासमोर तो हत्ती आडवा घालतो. याला पूल बांधणं म्हणतात, आणि ती स्थिती लुसेनाच्या नावाने ओळखली जाते. तिथे बचाव नाही.

म्हणून आपण एका प्याद्याने मागे आहोत आणि बाकी मोहरे मारले जाऊन डाव इकडेच चालला आहे असं दिसलं, की हत्तीपेक्षा आधी राजाचा विचार करायचा. राजा वाटेवर पोचतो आहे ना, हे पाहूनच शेवटची मारामारी करायची. हत्तीला कुठूनही एका-दोन चालींत सहाव्या ओळीवर येता येतं. राजाला येत नाही.

सराव आणि बरोबरी मागणं

पहिली स्थिती मांडा, समोर कुणालातरी पांढरे द्या आणि त्याला सांगा की हवं ते कर, जिंकून दाखव. तुम्ही काळे. घड्याळ पाच मिनिटांचं. दहा डाव खेळा. मग बाजू बदला आणि पांढरे घेऊन तुम्ही जिंकायचा प्रयत्न करा. पांढऱ्याच्या बाजूने बसल्यावर जिंकता का येत नाही ते जास्त लवकर उमजतं, असा माझा अनुभव आहे. त्यानंतर तेच प्यादं सी किंवा डी पट्टीत मांडा आणि काळा राजा त्याच पट्टीत आठव्या ओळीवर ठेवा. बांध तसाच टिकतो, फक्त सुरक्षित घरं बदलतात, ती पुन्हा नीट पाहून घ्या.

शेवटची गोष्ट नियमाची, कारण बरोबरीची स्थिती असूनही समोरचा चाली करतच राहतो. पन्नास चालींचा नियम असा: दोन्ही बाजूंच्या पन्नास-पन्नास चालींत एकही प्यादं हललं नाही आणि काहीही मारलं गेलं नाही, तर बरोबरी मागता येते. फिलिडोरच्या स्थितीत समोरच्याने ई५ वरचं प्यादं हलवलंच नाही, तर हा नियम कामाला येतो. त्याने ई६ केलं आणि आपण तळातून शह देत राहिलो, तर बहुधा तीच स्थिती तिसऱ्यांदा येते, आणि त्यावरही बरोबरी मागता येते. तुमच्याच चालीने स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल तर चाल पटावर करायची नाही. ती आधी स्कोअरशीटवर लिहायची, घड्याळ थांबवायचं आणि पंचांना सांगायचं. चाल करून घड्याळ दाबलं की त्या वेळची संधी गेली. स्कोअरशीट नीट लिहिलेली नसेल तर स्थिती किती वेळा आली हे दाखवणं कठीण जातं, म्हणून वेळ कमी असला तरी या टप्प्यात चाली वाचता येतील अशा लिहाव्यात.

दिवाळीच्या सुट्टीत आमची मुलगी नांदेडला खेळली. तिथे ई पट्टी नव्हती, डी पट्टी होती, आणि प्यादं सहाव्यावर आलं तेव्हा तिचा हत्ती ए६ वर होता. तिने तो ए१ वर नेला.